दोन ओळींचा गड : शालेय सहलीच्या पुस्तिकेतील द्विपदी आणि गाविलगड

प्रस्तावना

शाळांच्या वार्षिक सहलीसाठी छापल्या जाणाऱ्या पुस्तिकांत वेळापत्रक, सूचना आणि नकाशा यांच्या जोडीला गडाचे वर्णन करणाऱ्या दोन-दोन ओळींची पद्ये घालण्याची प्रथा आहे. ही पद्ये बहुधा मराठीचे शिक्षक लिहितात, कधी एखादा हौशी पालक लिहून देतो. त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही आणि त्यांनी तशी अपेक्षाही केलेली नसते. परंतु विद्यार्थी गडावर जे पाहतो त्याला पहिले शब्द या ओळी देतात, आणि यमकात बसलेले वाक्य गद्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहते. म्हणून त्या ओळी खऱ्या आहेत की नाहीत, आणि त्या त्याच गडाविषयी आहेत की कोणत्याही गडाविषयी, हे तपासणे गैर ठरू नये.

प्रस्तुत लेखात हा विचार गाविलगडाच्या संदर्भात केला आहे. नागपूरहून सहलीला जाणाऱ्या शाळांपुढे जवळचे पर्याय दोन. रामटेकची टेकडी गावापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथे तटबंदी आहे, पण विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते ते मंदिर आणि मेघदूत. म. म. वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन केल्यापासून तेथील पद्यांचा विषय ठरूनच गेला आहे, तो म्हणजे मेघ. दुसरा पर्याय शहराच्या मधोमध असलेला सीताबर्डीचा किल्ला. तो टेकडीवर आहे आणि २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी तिथे भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. पण तो लष्कराच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या दिवशीच सर्वांसाठी खुला होतो. तट, वारा आणि इतिहास ही तिन्ही एकत्र अनुभवायची तर अमरावती, परतवाडा मार्गे चिखलदऱ्याला जावे लागते. गाविलगड हा सातपुड्याच्या रांगेतील मोठा डोंगरी किल्ला, आणि नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासातील एक निर्णायक दिवस त्याच्या उत्तरेकडील तटाजवळ घडला.

खाली दिलेल्या द्विपदी कोणत्याही छापील पुस्तिकेतून घेतलेल्या नाहीत. प्रचलित पद्यांचे गुणदोष दाखविण्यासाठी त्या विवेचनापुरत्या रचलेल्या आहेत.

द्विपदीचे घराणे

मराठीत दोन ओळींत आटोपणाऱ्या रचनेला अनेक वाटा उपलब्ध आहेत. मोरोपंतांची आर्या आहे, नाटकांतून घरोघरी पोचलेली साकी आणि दिंडी आहे, हिंदीच्या शेजारामुळे विदर्भात कानाला सवयीचा झालेला दोहा आहे, आणि गझलेतील शेर आहे. शेराविषयी थोडे अधिक बोलावे लागते, कारण सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा (१९३२) आणि अखेर नागपुरात (२००३). त्यामुळे या भागातील शिक्षकाच्या लेखणीला दोन ओळी म्हटले की शेर आठवतो. भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून या रचनेचे नियम सर्वांना सुलभ करून दिले. शेरातील पहिली ओळ अपेक्षा निर्माण करते आणि दुसरी ती पुरी करते किंवा उलटवते, हा गुण सहलीच्या पुस्तिकेसाठी फार उपयोगी आहे. गझलेचा काफिया आणि रदीफ मात्र येथे निरुपयोगी ठरतात. पहिला शेर दरवाज्यात वाचला जातो, दुसरा अर्ध्या तासाने तळ्याकाठी, तिसरा जेवणानंतर. पुन्हा पुन्हा येणाऱ्या रदीफाची वाट पाहण्यातला आनंद इतक्या अंतराने टिकत नाही. उलट त्या शब्दासाठी कवीला प्रत्येक ठिकाणी अर्थ वाकवावा लागतो.

विद्यार्थ्याच्या ओळखीची आणखी एक द्विपदी आहे, तिचा उल्लेख छंदशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच येतो. ती म्हणजे उखाणा. लग्नाघरी ऐकलेल्या उखाण्यात पहिल्या ओळीला स्वतःचे काम नसते. चांदीच्या ताटात काय ठेवले आहे याला महत्त्व नाही. दुसऱ्या ओळीत येणाऱ्या नावाशी यमक जुळले म्हणजे झाले. उखाण्यापुरते हे योग्यच आहे, कारण त्याचा सारा आनंद नाव घेण्यात असतो. परंतु सहलीच्या पद्यांतील बहुतेक दोष या सवयीतून आलेले आहेत. दोनपैकी एक ओळ केवळ यमकाची सोय म्हणून येते, आणि ज्या ओळीला काम नसते तिच्यात हमखास वारा वाहू लागतो.

पुढील उदाहरणांसाठी साकीचा साचा घेतला आहे. तिच्या प्रत्येक ओळीत अठ्ठावीस मात्रा असतात आणि सोळाव्या मात्रेवर विसावा येतो. ही निवड सोयीची आहे. चाळीस मुलांच्या गटात एकाने सोळा मात्रांचा तुकडा म्हणावा आणि उरलेल्यांनी बारा मात्रांचा तुकडा म्हणून त्याला उत्तर द्यावे, असे करता येते. धाप लागलेल्या मुलालाही सोळा मात्रा एका श्वासात पेलतात.

निर्दोष मात्रा, सदोष गड

अशा पुस्तिकांत ज्या प्रकारची द्विपदी पहिल्या पानावर असते, तिचा हा नमुना :

सह्याद्रीच्या कुशीत राहे अभिमानाचा किल्ला,
शत्रूचा जो परतुन लावी वाऱ्यासंगे हल्ला.

मात्रा मोजून पाहाव्यात. दोन्ही ओळी अठ्ठावीसच्या आहेत, यती जागेवर आहे, यमक भक्कम आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात या ओळींना टाळ्या मिळतील. गाविलगडाच्या बाबतीत मात्र तिच्यातील एकही विधान खरे नाही.

गड सह्याद्रीत नाही, सातपुड्यात आहे. ही चूक भूगोलाची आहेच, पण ती आली आहे वाङ्मयातून. मराठीत गडाविषयीची सारी शब्दसंपत्ती पश्चिम महाराष्ट्राच्या गडांवर घडली. मावळे, भगवा, सह्याद्रीचा कडा हे शब्द त्या गडांचे आहेत आणि तिथे ते शोभतात. विदर्भातील शिक्षक गडावर दोन ओळी लिहू लागला की ती सारी सामग्री हाताशी तयार असते, आणि ज्या डोंगरावर विद्यार्थी उभे राहणार आहेत तो डोंगर तिच्याआड जातो. विशेष म्हणजे या चुकीला छंदाचीही सबब नाही. ‘सह्याद्रीच्या’ हा शब्द आठ मात्रांचा आणि ‘सातपुड्याच्या’ हाही आठच मात्रांचा, कारण मराठी सामान्यरूपातील ‘ड्या’ मागच्या ‘पु’ला गुरू करीत नाही. खरा डोंगर लिहायला एकाही मात्रेचा खर्च नव्हता.

‘कुशीत’ हा शब्दही तपासावा. कुशीत असते ते दरीतले गाव. गाविलगड डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि त्याच्या दक्षिण कड्यावर उभे राहिल्यास अचलपूरचा सखल प्रदेश पायाखाली पसरलेला दिसतो. जो विद्यार्थी तिथे उभा राहून ‘कुशीत’ असे वाचील, त्याचा शब्दांवरचा विश्वास थोडा कमी होईल.

दुसऱ्या ओळीतील दोष याहून गंभीर आहे. हल्ला परतवून लावणारा गड म्हणून गाविलगडाची प्रसिद्धी नाही. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १५ डिसेंबर १८०३ रोजी तो हल्ल्याने घेतला गेला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. नागपूरच्या मुलांना नागपूरच्याच राज्याचा पराभव ज्या तटाजवळ झाला त्या तटावर नेऊन, हा कधी पडला नाही असे त्यांच्याकडून म्हणवून घेणे हा विनोद नव्हे. पुस्तिका लिहिणाऱ्याला तारीख ठाऊक नव्हती असेही बहुधा नसते. तीच तारीख त्याच पुस्तिकेच्या चौथ्या पानावर गद्यात छापलेली असते. गद्यात पराभव चालतो आणि पद्यात चालत नाही, असा एक न बोललेला संकेत आहे. विद्यार्थ्याच्या ध्यानात राहते ते मात्र पद्य.

राहिले ‘वाऱ्यासंगे’. हल्ला वाऱ्यासंगे परतवला म्हणजे नेमके काय झाले, याचे उत्तर देता येत नाही. येथे आठ मात्रांची पोकळी होती आणि वारा फुकट मिळत होता, एवढाच त्याचा अर्थ. हीच उखाण्याची सवय.

हे यमक आणि हाच साचा ठेवून खरे विधान करता येते का, हे पाहावे :

सातपुड्याच्या कड्यावरी हा नागपुराचा किल्ला;
उत्तरेकडुन तोफा आल्या, तिथेच झाला हल्ला.

काव्य म्हणून ही द्विपदी पहिलीपेक्षा थोर आहे असा दावा नाही. तिच्यात विशेषणे नाहीत, अभिमान तर नाहीच. पण ‘नागपुराचा’ या शब्दाने विद्यार्थ्याचे आणि गडाचे नाते जोडले जाते, आणि ‘उत्तरेकडुन’ या शब्दाने प्रश्न उभा राहतो. अचलपूर दक्षिणेला असताना तोफा उत्तरेकडून का आल्या?

उत्तरेकडून का?

या एका शब्दामागे जो प्रसंग आहे तो समजून घेतल्याखेरीज द्विपदी कोठे छापावी हे ठरवता येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. तिथून निसटलेल्या पायदळाचा मोठा भाग गाविलगडावर गेला. आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अचलपूरला पोचल्या. गडाची रचना त्यांच्यापुढे अशी होती : दक्षिणेकडे तोंड करून उभा असलेला आतला किल्ला; त्याची उत्तर आणि वायव्य बाजू झाकणारा बाहेरचा किल्ला; आणि उत्तरेला लबाडा या गावाच्या दिशेने येणारी वाट अडविणारा आणखी एक तट. दक्षिण दरवाज्याकडे जाणारी चढण लांब आणि उभी होती. जड तोफा तिच्यावरून चढवून तटापर्यंत नेणे शक्य नव्हते. उत्तरेकडे मात्र पठाराची जमीन तटाला येऊन भिडत होती, म्हणजे तोफेला उभे राहायला जागा होती. अडचण एवढीच की त्या बाजूला जायला रस्ता नव्हता.

स्टीव्हन्सनच्या फौजेने तो तयार केला. ७ डिसेंबरला निघून सुमारे ३० मैलांचा डोंगराळ मुलूख, ओढे आणि घळी ओलांडत, जागोजागी वाट करीत आणि तोफा माणसांच्या बळावर ओढीत ती १२ तारखेला लबाड्याला पोचली. त्याच रात्री उत्तरेच्या तटासमोर दोन मोर्चे उभे राहिले. एकात तट फोडण्यासाठी १८ पौंडी दोन आणि १२ पौंडी तीन लोखंडी तोफा होत्या. दुसरा मोर्चा तटावरील बचाव निकामी करण्यासाठी होता. वेलस्लीने दक्षिण दरवाज्याखाली एक मोर्चा लावला, पण तो मुख्यतः शिबंदीचे लक्ष विभागण्याच्या उपयोगी पडला. १३ तारखेच्या सकाळी तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत खिंडारे चढण्याजोगी झाली आणि १५ च्या सकाळी हल्ला झाला. बाहेरचा किल्ला खिंडारांतून हाती आला, तरी आतल्या किल्ल्याची भिंत अभंग होती. कॅप्टन कॅम्पबेल काही शिपायांसह शिड्या लावून ती चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला.

आता द्विपदीच्या जागेचा प्रश्न. वरील दोन ओळी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापल्या तर त्या केवळ माहिती होतात. दक्षिण कड्यावरील थांब्याच्या पानावर छापल्या तर त्याच ओळी कोडे होतात, कारण विद्यार्थी ज्या उतारावर नजर टाकीत असतो त्या उतारावरून तोफ का आली नाही हे त्याला डोळ्यांनी कळते, आणि दुपारी उत्तरेच्या तटाकडे गेल्यावर तिथली सपाटी पाहून ती कोठून आली हेही कळते. त्यांतील बोध त्या जागेवर उभे राहण्यातून येतो. म्हणून सहलीच्या द्विपदीचे परीक्षण कागदावर पूर्ण होत नाही. ती कोणत्या थांब्यावर, कोणत्या दिशेला तोंड करून वाचायची, हे तिच्या रचनेचाच भाग मानावे लागते.

येथे एक सावधगिरी हवी. उत्तरेच्या तटावर दिसणारी प्रत्येक पडझड १८०३ ची नव्हे. तहानंतर गाविलगड भोसल्यांकडेच राहिला, १८२२ मध्ये तो निजामाकडे गेला, १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि १८५८ मध्ये, तात्या टोपे त्याचा आश्रय घेतील या भीतीने, इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. त्यानंतरची झीज पावसाची आणि वडा-पिंपळाच्या मुळांची. तोफेने पाडलेली वाट एका ठिकाणी एकवटलेली असते आणि तिच्यापुढे ढिगाऱ्याचा उतार तयार होतो; झिजलेला तट वरून सुटत जातो, आधी चर्या जातात, मग फांजीची फरसबंदी, आणि तळ बहुधा शाबूत राहतो. तरीही दीड-दोनशे वर्षांनंतर शिक्षकाने बोट दाखवून ‘हेच ते खिंडार’ असे पद्यात म्हणू नये. ‘तिथेच झाला हल्ला’ यातील ‘तिथेच’ दिशेपुरता आहे, दगडापुरता नाही, आणि तो तसाच ठेवणे योग्य.

वाऱ्याचे काम

गडावरच्या वाऱ्याइतका मराठी पद्यात राबवलेला आणि तरीही न पाहिलेला विषय विरळा. नमुना :

गार गार हा वारा वाहे, मन आनंदुन जाई;
कोटावरुनी खाली बघता दूर दिसे वनराई.

येथे खोटे काही नाही. वारा गार आहे, कारण सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे. मेळघाटाची वनराईही दिसते. पण हीच द्विपदी रामटेकला चालते, नरनाळ्याला चालते, आणि धरणाच्या भिंतीवर नेली तर ‘कोटावरुनी’ एवढाच शब्द बदलावा लागतो. जे कोठेही खरे असते ते येथे पाहायला लावत नाही.

तटाजवळचा वारा वस्तुतः अतिशय विशिष्ट असतो. कड्याच्या दिशेने येणारा वारा कड्याला अडून वर चढतो. तटाच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या उंचीच्या काही पट अंतरापर्यंत, तो जवळजवळ जाणवत नाही. त्या पट्ट्यात उभे राहिलेल्या मुलाला गडावर वारा नाहीच असे वाटते. तोच मुलगा जंगीच्या भोकासमोर हात धरील तर त्याला वाऱ्याची अरुंद, वेगवान धार लागते. ज्या जाड भिंतीने वारा अडवला तिच्यातच त्याला एक वाट ठेवलेली आहे, आणि ती वाट वाऱ्यासाठी ठेवलेली नव्हती. या निरीक्षणावर द्विपदी रचता येते :

तटाआड हा गप्प राहतो, बाहेर करी घाई;
जिथून वारा आत येतसे, तिथून गोळी जाई.

पहिल्या ओळीत ‘हा’ कोण ते सांगितलेले नाही. ते दुसऱ्या ओळीत कळते, हा शेराचा गुण. ‘आत येतसे’ आणि ‘गोळी जाई’ या दोन उलट दिशांमुळे जंगीचा उपयोग एकही पारिभाषिक शब्द न वापरता स्पष्ट होतो. ‘येतसे’ हे रूप जुनाट आहे आणि आठवीतल्या विद्यार्थ्याला ते खटकेल, हे मान्य करावे लागेल. पाच मात्रांचे दुसरे सोपे रूप त्या जागी सहज बसत नाही. पण येथे वाऱ्याला काम मिळाले आहे. तो पोकळी भरीत नाही, तट समजावून देतो. ही द्विपदी वाचताना विद्यार्थ्याने हात पुढे करून पाहिला तर तिची परीक्षा तिथल्या तिथे होते, आणि ज्या दिवशी वारा पडलेला असेल त्या दिवशी ती नापास होते. कड्याच्या बाजूची, वाऱ्याकडे तोंड असलेली जंगी कोणती, हे शिक्षकाने आधी एकदा जाऊन पाहून ठेवले पाहिजे.

‘गोळी’ या शब्दालाही आधार आहे. वेलस्लीच्या पत्रात नोंद आहे की, गडावरील शिबंदीजवळ कंपनीच्या नव्या बंदुका आणि संगिनी होत्या. धनुष्यबाण आणि ढाल-तलवारीचे चित्र काढण्याचा मोह पुस्तिकेच्या चित्रकाराला होतो; या गडाच्या शेवटच्या लढाईपुरते ते चित्र अपुरे आहे.

दरवाज्यावरील प्रश्न

इतिहासाची द्विपदी लिहिताना सनावळी पद्यात घालण्याचा प्रयत्न नेहमी फसतो. ‘अठराशे तीन’ नऊ मात्रा खाते आणि उरलेल्या जागेत क्रियापदही धड मावत नाही. सन गद्यात, द्विपदीखाली, लहान टाइपात द्यावा.

गाविलगडाचे बांधकाम फिरिश्ता बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्याकडे देतो, सुमारे १४२५ च्या आसपास. गडाचे नाव मात्र त्याआधीच्या गवळ्यांच्या वस्तीची आठवण ठेवते. पुढे १४८८ मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण कुळातला. लहानपणी तो बहमनी फौजेच्या हाती सापडला आणि मुसलमान म्हणून वाढला. दिल्ली दरवाज्यावरील शिल्पात गंडभेरुंड, म्हणजे दोन मुखांचा पक्षी, कोरलेला आहे, आणि तो विजयनगरच्या परंपरेतील चिन्ह म्हणून ओळखला जातो. एवढी गुंतागुंत दोन ओळींत सांगण्याचा प्रयत्न केला तर पद्याचा चुराडा होतो. ती विचारता येते :

दोन मुखांचा पक्षी दारी, सोबत दगडी हत्ती;
विजयनगरची खूण वऱ्हाडी कशी उमटली भिंती?

येथे द्विपदीने आपली मर्यादा ओळखली आहे. ती उत्तर देत नाही, आणि ज्या उत्तरात एका माणसाचे दोन धर्म आणि दोन राज्ये येतात ते शिक्षकाच्या तोंडून, सावकाश, येऊ देते. घाईच्या यमकात त्याचे बाटवाबाटवीचे प्रकरण व्हायला वेळ लागत नाही, किंवा उलट बाजूने सर्वधर्मसमभावाचे गुळगुळीत वाक्य व्हायलाही. ‘भिंती’ हे सप्तमीचे जुने रूप आहे; विद्यार्थी ते अनेकवचन समजतील, त्यासाठी तळटीप लागेल. ही द्विपदीची उणीवच आहे.

आणखी एक संधी मोहक आहे आणि ती टाळणे बरे. अबुल फजलाने ऐन-इ-अकबरीत गाविलच्या किल्ल्यात शस्त्रांना पाणी दिले जाते असा एक झरा असल्याचे लिहिले आहे. शस्त्राला ‘पाणी देणे’ हा वाक्प्रचार मराठीत जिवंत असल्याने कोणताही कवी त्यावर झडप घालील. परंतु आज गडावर दिसणाऱ्या तलावांपैकी कोणत्याही एकाच्या काठी ही द्विपदी छापणे म्हणजे तो झरा सापडल्याचे जाहीर करणे होय. पुस्तिकेच्या आतल्या पानावर ती कोठेही जागा न बांधता देता येईल.

किल्लेदाराच्या दोन ओळी

सर्वांत अवघड द्विपदी किल्लेदाराची. बेनीसिंह हा रजपूत किल्लेदार हल्ल्याच्या दिवशी लढताना मारला गेला आणि दरवाज्याजवळ पडलेल्या प्रेतांच्या ढिगात त्याचे शव सापडले. शिबंदीतील पुष्कळ माणसे दरवाज्यांपाशीच कापली गेली. हा भाग पुस्तिकांतून बहुधा गाळला जातो, किंवा त्याच्या जागी एखादे सर्वसामान्य हौतात्म्य येते. पुढील ओळी पाहाव्यात :

बेनीसिंह इथेच लढोनी दारापाशी पडला;
गड घेणारे नाव सांगती, गड राखी तो दडला.

या लेखातील सर्व नमुन्यांत कानाला हीच द्विपदी अधिक गोड लागते. दुसऱ्या ओळीतील ‘घेणारे’ आणि ‘राखी’ यांची तोलामोलाची मांडणी, ‘पडला’ला ‘दडला’ने दिलेले उत्तर, पराभूताच्या बाजूने उभे राहणारी करुणा, सारे जमून आले आहे. म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहावे लागते, कारण दुसरी ओळ खरी नाही. बेनीसिंहाचे नाव दडलेले नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे ते मुख्यतः गड घेणाऱ्यांच्याच कागदांमुळे. वेलस्लीने हल्ल्यानंतर लिहिलेल्या पत्रात शिबंदीचा नायक म्हणून त्याचे नाव दिले आहे. यमकाने ‘दडला’ पुढे केला आणि ‘दडला’ने इतिहास फिरवला. पहिल्या नमुन्यात खोटेपणा अभिमानातून आला होता, येथे तो करुणेतून आला. वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने दोहोंत फरक पडत नाही.

‘इथेच’ हा शब्दही डळमळीत आहे. गडाला अनेक दरवाजे आहेत आणि लढाई एकाहून अधिक ठिकाणी झाली. वृत्तांतात दरवाज्याचा उल्लेख आहे म्हणून पुस्तिका ज्या दरवाज्यावर थांबा ठेवते तोच तो, असे होत नाही. ‘तिथेच’ केल्यास मात्रा तेवढ्याच राहतात आणि दावा सौम्य होतो. दुसऱ्या ओळीला मात्र अशी सोपी दुरुस्ती नाही. विजेत्याच्या पत्रातून पराभूताचे नाव मिळणे ही वस्तुस्थिती ‘पडला’शी यमक जुळवून सांगण्याचे जेवढे प्रयत्न करावेत तेवढी भाषा कृत्रिम होत जाते. अशा वेळी पहिली ओळ एकटीच छापावी, तिच्याखाली यमकाची जागा कोरी सोडावी, आणि गद्यात एका वाक्यात सांगावे की हे नाव शत्रूच्या पत्रात लिहिलेले सापडते. विद्यार्थ्यांना दुसरी ओळ स्वतः लिहायला सांगता येईल. त्यांच्यापैकी बरेच जण ‘घडला’, ‘अडला’, ‘चढला’ अशी यमके आणतील, आणि प्रत्येक यमकाबरोबर बेनीसिंहाचे काहीतरी वेगळे झालेले असेल. त्यांतले कोणते खरोखर झाले, हे परतीच्या बसमध्ये विचारायला अमरावतीपर्यंतचा रस्ता पुरेसा लांब आहे.